पालथ्या बशीचं वाचन

मराठी घरात भांडी वाचायची परंपरा जुनी आहे. स्टीलचा डबा घ्या, पातेलं घ्या, पिंप घ्या; त्याच्या अंगावर कुठे ना कुठे ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत मजकूर असतोच. भांड्यांचा दुकानदार विजेच्या सुईने नाव घालून द्यायचा, तेही फुकट, त्यामुळे मजकुरात काटकसर करायचं देणाऱ्याला काही कारण नसायचं. 'चि. सौ. कां. हिस विवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट, मामा-मामी, तारीख अमुक.' वाटी लहान असली तर मामी काठावरून घसरून बुडाखाली जायच्या. कुठल्याही घरची मांडणी डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की त्या घरातली लग्नं, मुंजी, वास्तुशांती आणि कोणी कुठे हात आखडता घेतला, हे सगळं तारीखवार कळायचं.

काच, चिनी माती आणि मेलामाइन ही मंडळी मात्र मुकी. त्यांच्यावर कोणी सुई चालवायला धजत नसे. शिवाय ती शोकेसमध्ये राहायची. पाहुणे आले की बाहेर यायची आणि पाहुणे गेले की घरातली सर्वांत सावध बाई ती स्वतःच्या हाताने धुऊन, पुसून परत आत ठेवायची. कामाच्या मावशींनाही त्यांना हात लावायची परवानगी नसे. बशीच्या बुडाखाली काय लिहिलंय हे पाहायची कोणाला गरज नव्हती, आणि दुसऱ्याच्या घरी बशी पालथी करणं म्हणजे किंमत शोधणं, असा सरळ अर्थ निघायचा.

मग २०२० ची टाळेबंदी आली, मावशी येईनाशा झाल्या आणि बऱ्याच घरांत भांडी घासायचं यंत्र शिरलं. स्टीलचं काही अडलं नाही. ताटं, वाट्या, तांबे सगळे निमूट आत जाऊन चकचकीत बाहेर आले. अडलं ते कपबशीपाशी. तेव्हापासून आपण सगळे दुकानात, लग्नाच्या आहेरात आणि आता निर्लज्जपणे दुसऱ्याच्या घरीही बशा पालथ्या करून वाचायला लागलो आहोत. आमच्या घरी तर चहा ओतायच्या आधीच कप उलटे होतात. सासूबाई म्हणतात, "अगं, कपाला काय विचारतेस? तो काय सांगणार आहे!"

सांगतो, पण तिरकं सांगतो. बुडाखाली कधी पेल्यावर पावसाचे थेंब पडत असल्याचं चित्र असतं, कधी ताटलीवर तिरप्या रेघा. ती आपली खूण, भांडी घासायच्या यंत्राची. नागमोडी लाटा दिसल्या तर ती मायक्रोवेव्हची. तिचा आणि धुण्याचा काही संबंध नाही. सगळ्यांत जास्त लोक फसतात ते पेला आणि काटा शेजारी शेजारी उभे असलेल्या चित्राला. जेवणाची भांडी दिसली, म्हणजे ती धुवायचीच असणार, असा आपला तर्क. प्रत्यक्षात त्या युरोपीय खुणेचा अर्थ एवढाच, की ही वस्तू अन्नाला लावायला योग्य आहे. ती खूण एकदाच वापरून टाकायच्या कागदी पेल्यावरही असते. आणि कधीकधी खूण छापलेली नसतेच. 'डिशवॉशर सेफ' असं लिहिलेला कागदी स्टिकर बुडाला चिकटवलेला असतो, जो पहिल्याच धुण्यात सुटून गाळणीत जाऊन बसतो. आश्वासन गाळणीत, बशी बाहेर.

बरं, खूण खरी आहे असं धरू. तरी ती वचन कसलं देते? 'डिशवॉशर सेफ' या दोन शब्दांना सगळीकडे चालेल अशी ठरलेली कायदेशीर व्याख्या नाही. बहुतेक वेळा तो कारखानदाराने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेला शब्द असतो, आणि त्या शब्दात एक गोष्ट नेमकी गाळलेली असते: किती वेळा? एकदा धुतल्यावर टिकलेली बशीही 'सेफ'च, आणि हजारदा धुतल्यावर टिकलेलीही. याला सन्माननीय अपवाद आहे तो युरोपातल्या ईएन १२८७५ या मानकाचा. त्यात वस्तू ठरावीक तापमानाला, ठरावीक डिटर्जंटने पुन्हा पुन्हा धुऊन पाहतात आणि किती धुण्यांनंतर तिच्यात डोळ्यांना दिसेल असा फरक पडला, ते नोंदवतात. म्हणून काही चांगल्या बशांखाली थेंबांच्या चित्राशेजारी आकडा असतो, १२५ किंवा ५००. तो वाचताना आपला हिशोब आपण करावा. रोज यंत्र लावणाऱ्या घरात १२५ धुणी म्हणजे चार महिने, जेमतेम एक चातुर्मास. ५०० म्हणजे साधारण एक वर्ष चार महिने. त्यानंतर बशी फुटते असं नाही, फक्त कारखानदाराने तिच्यावर लक्ष ठेवायचं थांबवलेलं असतं.

आता बिनखुणेच्या बशीकडे यायच्या आधी यंत्र नेमकं काय करतं ते पाहायला हवं, कारण सगळं कोडं तिथे सुटतं. मावशी कोमट नाहीतर गार पाण्यात, साबणाच्या वडीने, दहावीस सेकंद बशीशी झोंबतात आणि सोडून देतात. यंत्र घासत नाही. त्याला हात नाहीत, घासणी नाही. ते ५० ते ७० अंशांचं पाणी आणि बऱ्यापैकी अल्कधर्मी डिटर्जंट यांचा मारा तासभर, दोन तास करत राहतं आणि रसायनाला काम करू देतं. ऊन अल्कधर्मी पाण्याला तेल आवडतं, तशी सिलिकाही आवडते. काच आणि चिनी मातीवरची झिलई ही दोन्ही मुळात सिलिकाचीच. म्हणजे प्रत्येक धुण्यात यंत्र बशीवरचा मळ खातं आणि तोंडी लावायला थोडी बशीही खातं. झिलई १२०० अंशांच्या पुढे भाजलेली, कडक असेल, तर हे खाणं इतकं कमी की आपल्या हयातीत कळणार नाही. पण त्या झिलईवर वरून काढलेलं फूल जर ७००-८०० अंशांनाच भाजलेलं असेल, तर त्यात सिलिका कमी आणि ते लवकर वितळावं म्हणून घातलेली द्रव्यं जास्त असतात. ते फूल आधी जातं. सोनेरी काठ त्याच्याही आधी, कारण ते सोनं खरं असलं तरी त्याचा थर केसाच्या जाडीच्या मानाने अगदीच नगण्य असतो.

म्हणून बिनखुणेच्या बशीला 'तू यंत्रात टिकशील का' असं विचारण्यात अर्थ नाही. तिला दोन वेगळे प्रश्न विचारायचे. तुझं अंग पाणी पितं का? आणि तुझं चित्र झिलईच्या वर आहे की खाली? लग्नाच्या पत्रिकेत जसे गुण वेगळे आणि मंगळ वेगळा पाहतात, तसं. एकात पास म्हणजे दुसऱ्यात पास, असं मुळीच नाही.

सासूबाईंचा लग्नातला सेट पाहा. सहा कप, नऊ बशा. (कप कमी आणि बशा जास्त हे जुन्या सेटचं लक्षण आहे, कप कानाने मरतो, बशीला कान नसतो.) पांढऱ्या अंगावर गुलाबाचा घोस, काठावर सोनेरी रेघ, बुडाखाली काहीही नाही. सेट यंत्रात घालायचा की नाही यावर घरात दोन तट पडले. नवऱ्याचं म्हणणं, चाळीस वर्षं टिकलाय म्हणजे दणकट आहे. सासूबाईंचं म्हणणं, चाळीस वर्षं टिकलाय कारण कोणाच्या हातात दिला नाही. दोघांच्याही म्हणण्यात बशीबद्दल काही नव्हतं.

आधी अंग. बशी उलटी केली की बुडाला एक खरखरीत कडं दिसतं. भट्टीत बशी त्यावर उभी असते, झिलई वितळून ती फळीला चिकटू नये म्हणून तेवढा भाग उघडा ठेवतात. बशीचं खरं अंग बघायला मिळतं ते तिथेच, बाकी सगळीकडे तिने झिलईचा पदर घेतलेला असतो. त्या कड्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. सेटच्या बशीवर थेंब तसाच फुगून बसून राहिला. बशी उजेडासमोर धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसली. पेन्सिलीने टिचकी मारली तर स्वच्छ, लांबणारा नाद आला. म्हणजे बहुधा बोन चायना, घट्ट भाजलेलं. ते पाणी पीत नाही. नवरा लगेच विजयी मुद्रेने यंत्राचं दार उघडायला गेला.

मग चित्र. डोळे मिटून काठापासून गुलाबापर्यंत नख अलगद ओढत न्यायचं. गुलाबाची पाकळी सुरू होते तिथे नखाला बारीकशी पायरी लागली, तर चित्र वर आहे. नख निर्विकार सरकत गेलं, तर ते बहुधा झिलईच्या खाली किंवा झिलईत मुरलेलं आहे. शंका राहिली तर बशी खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात पाहायची. चित्र खाली असेल तर चकाकी सगळ्या बशीवर एकसारखी असते, जणू फूल पाण्याच्या तळाशी पडलंय. चित्र वर असेल तर गुलाबाच्या आकाराचा एक वेगळाच तुकडा दिसतो, आजूबाजूपेक्षा मंद नाहीतर उगाच जास्त चकचकीत. आमच्या बशीत नखाला पायरी लागली, आणि उजेडात गुलाब मंद दिसले. चाळीस वर्षं फक्त बोटांनी धुतल्यावर मंद.

तरी नवऱ्याचं समाधान होईना. अशा माणसांसाठी कुंभारांकडे एक निकराची परीक्षा आहे. नऊ बशांतल्या तीन बशांचे कप केव्हाच गेलेले असल्यामुळे त्यांतली एक विज्ञानाच्या कामी द्यायला सासूबाई तयार झाल्या, "पण ती टवका उडालेलीच घे" या अटीवर. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवायचा. खायचा नव्हे, खायचा सोडा इथे फार सौम्य पडतो. भांडं स्टीलचंच घ्यायचं, कारण ॲल्युमिनियमचं पातेलं या पाण्यात बशीच्या आधी काळं पडेल. बशी अशी उभी करायची की अर्धी पाण्यात आणि अर्धी बाहेर राहील, आणि मंद आचेवर सहा तास ठेवायची. पाणी आटेल तसं ऊन पाणी घालत राहायचं, हातमोजे घालायचे आणि खिडकी उघडी ठेवायची. घरात कोणी "काय शिजतंय" असं विचारलं तर उत्तर देत बसायचं नाही. नंतर बशी धुऊन सुती फडक्याने दोन्ही अर्धे सारखेच चोळायचे.

बुडलेल्या अर्ध्यावरची सोनेरी रेघ फडक्यावर आली. गुलाबाच्या गडद लालाचा फिकट खडूसारखा गुलाबी झाला. पाण्याबाहेरच्या अर्ध्यात गुलाब तसेच. पांढरं अंग मात्र दोन्हीकडे सारखं चकचकीत. बशी टिकली, फूल गेलं. सहा तासांच्या या उकळीची आणि यंत्रातल्या अमुक इतक्या धुण्यांची तंतोतंत बरोबरी करता येत नाही, हे मान्य. पण कोण आधी जाणार, हा क्रम तीच लावते. रंग असा सुटायला लागलेली जुनी, भडक लाल-पिवळी नक्षी जेवणाच्या बाजूला असेल, तर प्रश्न नुसत्या सौंदर्याचा राहत नाही. जुन्या रंगांत शिसं आणि कॅडमियम वापरत, आणि झिजलेल्या चित्रातून ते ताटात येऊ शकतं. तशी ताटली भिंतीवर लावावी.

याच्या अगदी उलट प्रकरण म्हणजे प्रदर्शनातून आणलेला तो मातकट, हाताने घडवलेला मग. प्रत्येक घरात असतो. कोणीतरी 'हँडमेड आहे' असं म्हणून दिलेला असतो, म्हणजे वाकडा असेल तर बोलायचं नाही. त्यावर निळी वेलबुट्टी, आणि ती झिलईच्या खाली. नखाला काही लागत नाही, उजेडात चकाकी एकसारखी. चित्राच्या परीक्षेत पहिला नंबर. पण बुडाच्या उघड्या भागावर थेंब ठेवला तर तो बसायला तयारच नाही, डोळ्यांदेखत आत. टिचकीला आवाज आला तो लाकडावर ठोकल्यासारखा, बद्द.

अशा मगाला वजनकाट्यावर घ्यावं. पूर्ण दिवस उन्हात वाळवून त्याचं वजन केलं, ३४० ग्रॅम. मग चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवला, वरवर पुसला आणि पुन्हा वजन केलं, ३५३. तेरा ग्रॅम पाणी त्याने गुपचूप पोटात घातलं होतं. तेराला ३४० ने भागलं की जवळजवळ चार टक्के. घट्ट पोर्सेलिन अर्ध्या टक्क्याच्या आत राहतं, म्हणजे स्वयंपाकघरातल्या काट्याला पत्ताही लागत नाही. आणि मगाचा खरा आकडा चारपेक्षा जास्तच असणार, कारण तीन बाजूंनी झिलई आहे आणि पाणी फक्त बुडातून चढलंय.

इथे काय बिघडतं? चित्र नाही, अंग. रोज गरम पाणी आत शिरतं, माती किंचित फुगते, वरची झिलई फुगत नाही, आणि एके दिवशी झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसायला लागतात. त्यांत चहा मुरतो आणि मग कितीही धुतलं तरी तपकिरी जाळं राहतं. असा मग घरात आधीपासून आहे का, हे ओळखायची एक फुकट युक्ती आहे. मायक्रोवेव्हमध्ये चहा गरम केल्यावर चहा कोमट आणि कान मात्र चटका बसेल इतका तापलेला असेल, तर त्याच्या अंगात पाणी आहे. यंत्रातून बाहेर काढून तासाभराने जिथे ठेवाल तिथे बुडाचा ओला गोल उमटला, तरी तेच.

तिसरा नमुना सांगते आणि चिनी माती संपवते. इराण्याकडचा तो जाडजूड, पांढरा, बिनफुलाचा कप. थेंब बसतो, नाद येतो, नखाला शोधायला काही नाही, कारण चित्रच नाही. तो हॉटेलांत दिवसातून कितीतरी वेळा उकळत्या पाण्यातून जायच्या हिशोबाने घडवलेला असतो, आपल्या यंत्राची त्याला काय मातब्बरी! लोणच्याची चिनी मातीची बरणीही याच जातकुळीची, दगडासारखी भाजलेली. तिची परीक्षा घ्यायचं कारण नाही. ती रॅकमध्ये मावतच नाही.

काचेचं शास्त्र वेगळं आणि जरा उपरोधिक आहे. पेले धुकट झाले की आपण सगळे बोअरच्या पाण्याला शिव्या देतो. अर्ध्या वेळा त्या रास्तही असतात. धुकट पेला व्हिनेगरमध्ये पंधरा मिनिटं बुडवा. धुकं गेलं तर ते क्षार होते. यंत्रातलं मीठ संपलंय, ते भरा. धुकं गेलं नाही, पेला ओला असताना स्वच्छ आणि वाळला की पुन्हा दुधट दिसत असेल, क्वचित तिरक्या उजेडात इंद्रधनुष्याची झाक दिसत असेल, तर ती काच खाल्ली गेली आहे. ती परत येत नाही, कुठल्याही पावडरने येत नाही, आजीच्या राखेने तर मुळीच येत नाही. गंमत अशी की हे जास्त होतं ते मऊ पाण्यात. पाण्यात कॅल्शियम नाही, डिटर्जंट मात्र हात सैल सोडून घातलंय आणि तापमान ७० वर, असं जुळून आलं की काचेला कोणी वाली नसतो. जड पाणी काचेवर काहीतरी चढवतं, मऊ पाणी तिच्यातून काहीतरी उतरवतं. गृहिणीला दोन्ही सारखंच दिसतं.

बिनखुणेच्या पेल्याचा निवाडा म्हणून सोपा आहे. कटिंग चहाचा कंगोरेदार ग्लास, जॅमची रिकामी बरणी, साधा जाड पेला, यांना खुशाल आत पाठवा, फक्त एकमेकांना टेकवू नका. फवाऱ्याने दोन तास खणखणून काठाचे टवके उडतात, आणि बरेच ग्लास मरतात ते त्या खणखणीने. बाहेरून छापलेला देव, कार्टून किंवा बँकेचं नाव नखाला लागलं तर ते उतरणार आहे, हे धरून चाला. कोरीव नक्षीचं जड क्रिस्टल, सोनेरी काठ, चिकटवलेल्या दांड्याचे नाजूक पेले आणि दोन भिंतींचे कप हातानेच. काच गरम पाण्याने तडकेल ही भीती मात्र बहुतेक यंत्रांत फोल आहे, कारण ती गार पाणी घेऊन हळूहळू तापवतात.

आणि पांढऱ्या, पातळ, हलक्या ताटल्यांचे ते डिनर सेट, ज्यांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आहेरात येऊन येऊन कपाटं भरली, ते चिनी माती नव्हेतच. ती ओपल काच. झारखंडातल्या मधुपूरला ला ओपाला कंपनीने तिचा कारखाना काढल्यानंतर ती आपल्या घराघरांत पोहोचली. ओळखायची खूण सोपी: बुडाला खरखरीत कडं नाही, सगळीकडून सारखीच गुळगुळीत, कारण काचेला झिलई लागत नाही. तिचं अंग पाणी पीत नाही, त्यामुळे फक्त दुसरा प्रश्न उरतो, काठावरची नक्षी. पुन्हा नख.

शेवटी मेलामाइन. हे प्रकरण चेहऱ्याने चिनी माती आणि जातीने प्लास्टिक आहे, पण घट्ट, पुन्हा न वितळणारं. बादलीत टाकलं तर बुडतं. साधी पॉलिप्रॉपिलीनची ताटली तरंगते. टिचकीला टक्क असा कोरडा आवाज येतो. बुडाखाली काही छापलेलं असेल तर बहुधा 'मायक्रोवेव्हमध्ये नको' एवढंच असतं, आणि ते अगदी खरं आहे, तो हुकूम समजून पाळा.

याच्याशी गडबड होते ती तोतयामुळे. मेलामाइन महाग, आणि त्याच्यासारखंच दिसणारं युरिया-फॉर्मल्डिहाइड स्वस्त. काही बाजारू ताटल्यांत आतलं सगळं अंग युरियाचं आणि वरून मेलामाइनचा पातळ चकचकीत मुलामा असतो. हात लावून कळत नाही, बादलीतही दोन्ही बुडतात. कळतं उकळत्या पाण्यात. सेटमधली एक वाटी अर्धा तास उकळत ठेवा. खरं मेलामाइन सहसा जसंच्या तसं बाहेर येतं. तोतया पांढुरका पडतो, चमक जाते, कधी बारीक चिरा पडतात आणि डोळ्यांना झोंबेल असा वास येतो. असा वास आला तर ती वाटी तर सोडाच, सेटही जेवणात वापरू नका.

खऱ्या मेलामाइनलाही सीमा आहे, आणि ती ७० अंशांची. जर्मनीची बीएफआर ही अन्नधोका तपासणारी सरकारी संस्था आणि अमेरिकेची एफडीए दोघीही साधारण याच तापमानाच्या पुढे अन्न मेलामाइनमध्ये नको म्हणतात; त्यापुढे मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड अन्नात उतरायला लागतं, आणि पदार्थ आंबट असेल तर जास्त. चुलीवरून उतरलेली, उकळी फुटलेली चिंचेची आमटी मेलामाइनच्या वाटीत, हे म्हणून चुकीचंच, यंत्र असो नसो. यंत्रात ती वरच्या रॅकवर, हलक्या प्रोग्रॅमवर. आपल्याकडे यंत्रांना कढईसाठी म्हणून जो खास कडक प्रोग्रॅम देतात, तो तर तिच्यासाठी नाहीच. चकाकी गेली, खरखर हाताला लागायला लागली आणि हळद बसली की धुणाऱ्याला दोष देऊ नका. वरचा थर संपलाय. हळदीचा डाग निघतो, ताटली उन्हात ठेवली की दोनतीन दिवसांत पिवळा रंग उडून जातो. थर परत येत नाही. 'बांबूचे' म्हणून विकले जाणारे फिकट रंगाचे कपही बऱ्याचदा मेलामाइनमध्ये बांबूची पूड मिसळलेलेच असतात. नाव झाडाचं असलं तरी नियम वरचाच.

नख, थेंब, तिरका उजेड आणि वजनकाटा एवढं करूनही ज्या सेटबद्दल मन ठरत नसेल, त्यासाठी एक सरळ उपाय आहे. त्यातली एक बशी रोज यंत्रात घाला आणि तिची जुळी कपाटात ठेवा. महिन्याभराने दोघी खिडकीशी शेजारी शेजारी धरा. फरक दिसला तर बाकीच्यांना वाचवलंत, नाही दिसला तर चार महिन्यांनी पुन्हा धरा. नवा सेट घेताना दुकानदाराला 'डिशवॉशर सेफ आहे का' असं विचारू नका, तो हो म्हणणारच. 'किती धुण्यांना तपासलाय आणि चित्र झिलईच्या खाली आहे का' असं विचारा, आणि तो उत्तर शोधत असेल तोवर नमुन्याच्या बशीवरून नख फिरवून घ्या. सोनेरी काठ असेल तर तेही विचारायची गरज नाही. ती बशी हातानेच धुवायची असते.